विश्लेषण : झोपेत चालणारा माणूस स्वप्न जगत असतो का?

मुलगा मध्यरात्री किंचाळून उठतो, डोळे उघडे असतात, पण आईला ओळखत नाही. पाळीवरून आलेला कामगार झोपेतच उठून दाराची कडी काढतो. या दोन्ही घटना ‘वाईट स्वप्न पडले असेल’ म्हणून सोडून दिल्या जातात, नाहीतर ‘बाहेरची बाधा’ म्हणून मांत्रिकाकडे नेल्या जातात. प्रत्यक्षात त्या गाढ झोपेतून अर्धवट जागे होण्यामुळे घडतात. पाळीत काम करणाऱ्या पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात हे समजून घेणे का गरजेचे आहे?

घटना कशी घडते?

एक काल्पनिक, पण या पट्ट्यात सहज घडू शकेल असे उदाहरण घेऊ. चाकण औद्योगिक वसाहतीलगतच्या निघोजे गावात तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत तीन तरुण कॉट बेसिसवर राहतात. त्यांतला एक चोवीस वर्षांचा. आठवडाभर त्याची रात्रपाळी होती. शनिवारी सकाळी सातला पाळी संपली आणि तो खोलीवर न जाता थेट एसटीने गावाकडे लग्नाला निघाला. बसमध्ये दोन तास डोळा लागला. शनिवारी रात्री लग्नघरात जेमतेम तीन तास झोप मिळाली. रविवारी रात्री दहाला तो खोलीवर परतला आणि अकरा वाजता आडवा झाला, कारण सोमवारपासून पहिली पाळी, म्हणजे पहाटे पाचला उठणे आले.

सव्वाबाराला दुसऱ्या पाळीचा सोबती परतला. दाराचा आवाज झाला, दिवा लागला. झोपलेला तरुण ताडकन उठून बसला. डोळे उघडे, नजर मात्र कुठेच नाही. ‘लाइन बंद करा, बंद करा’ असे काहीसे पुटपुटत तो उठला, सोबत्याच्या बाजूने निघून गॅलरीच्या दाराकडे गेला आणि कडी चाचपू लागला. सोबत्याने त्याला दंडाला धरून मागे ओढले, तर त्याने जोराने झटका दिला. तीन-चार मिनिटांनी तो आपणहून कॉटवर आला आणि पुन्हा झोपला. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नव्हते. खोलीतल्या सोबत्यांनी मात्र निष्कर्ष काढून टाकला : कामाचे स्वप्न पडले आणि त्यातच तो उठून चालायला लागला.

हा निष्कर्ष पटण्यासारखा वाटतो, पण तो चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे कळण्यासाठी रात्रीचे वेळापत्रक पाहावे लागते.

झोपेचे वेळापत्रक काय सांगते?

झोप ही एकसारखी नसते. डोळा लागल्यावर आपण आधी हलक्या झोपेत, मग तिच्याहून खोल झोपेत आणि साधारण वीस ते चाळीस मिनिटांत गाढ झोपेत उतरतो. या तिन्ही टप्प्यांना मिळून नॉन-रेम झोप म्हणतात. त्यानंतर येते रेम झोप. तिच्यात बंद पापण्यांआड बुबुळे वेगाने फिरतात, म्हणून तिला हे नाव मिळाले. असे एक आवर्तन साधारण दीड तासाचे असते आणि रात्रभरात अशी चार-पाच आवर्तने होतात.

महत्त्वाचे हे की सगळी आवर्तने सारखी नसतात. गाढ झोपेचा मोठा वाटा पहिल्या दोन आवर्तनांत, म्हणजे झोपेच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात उरकतो. रेम झोप सुरुवातीला काही मिनिटांपुरती असते आणि पहाटेकडे लांबत जाते. गोष्टीसारखी सलग, रंगीत, भावनांनी भरलेली स्वप्ने मुख्यतः या रेम झोपेत पडतात. म्हणूनच पहाटेच्या गजराने उठलो की स्वप्न अर्धवट तुटल्यासारखे वाटते.

आपल्या उदाहरणातला तरुण अकराला झोपला आणि सव्वाबाराला उठला. म्हणजे झोपेला सव्वा तास झाला होता. त्याच्यावर आधीच्या दोन दिवसांची झोप साचलेली होती, त्यामुळे त्या वेळी तो गाढ झोपेच्या तळाशी असण्याची शक्यता सर्वाधिक होती. झोपेत चालण्याच्या आणि रात्री किंचाळून उठण्याच्या बहुतेक घटना याच वेळेत घडतात. ‘स्वप्ना’च्या कल्पनेला पहिला धक्का इथे बसतो.

स्वप्न नाही, हे सिद्ध कसे झाले?

रेम झोपेचा शोध १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी लावला. स्वप्नांचे घर सापडले असे तेव्हा वाटले. झोपेत चालणेही त्याच घरातले असणार, असा अंदाज होता. तो तपासण्यासाठी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात ॲलन जेकबसन, अँथनी केल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपेत चालणाऱ्यांच्या मेंदूचा आलेख रात्रभर घेतला. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींनी अंदाज उलटवला. झोपेत चालण्याची सुरुवात रेम झोपेत होत नव्हती, ती गाढ नॉन-रेम झोपेतून होत होती. तीन वर्षांनी, १९६८ मध्ये, रॉजर ब्रॉटन यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले की झोपेत चालणे आणि रात्री भयाने किंचाळणे हे ‘जागे होण्यातले बिघाड’ आहेत. हीच मांडणी आजही पायाभूत मानली जाते.

दुसरा पुरावा शरीराचा आहे. रेम झोपेत मेंदूच्या तळाकडचा भाग मणक्यातल्या चेतापेशींना असा संदेश पाठवतो की हातापायांचे स्नायू ढिले पडतात. श्वास आणि डोळ्यांचे स्नायू तेवढे चालू राहतात. स्वप्नात आपण धावतो, पण गादीवर पाय हलत नाहीत, ते या कुलपामुळे. म्हणजे ज्या टप्प्यात सलग स्वप्ने पडतात, त्या टप्प्यात निरोगी माणूस उठून कडी काढूच शकत नाही. गाढ नॉन-रेम झोपेत स्नायू सैल असतात, पण असे कुलूप नसते. त्यामुळे उठून बसणे, चालणे, जिना उतरणे शक्य होते.

तिसरा पुरावा सर्वांत बोलका आहे. झोपेत चालणाऱ्या मुलांना गाढ झोपेत असताना संशोधकांनी अलगद उचलून पायांवर उभे केले, तर काही मुले झोपेतच चालू लागली. तोच प्रयोग झोपेत न चालणाऱ्या मुलांवर केला तर तसे झाले नाही. घटना एखाद्या स्वप्नाच्या कथेमुळे सुरू होत असती, तर बाहेरून उभे केल्याने ती सुरू झाली नसती. आपल्या उदाहरणातही उभे करण्याचे काम दाराच्या आवाजाने आणि दिव्याने केले.

मेंदूत त्या वेळी काय चालू असते?

झोप ही संपूर्ण मेंदूची एकच कळ असते, ती दाबली की सगळे दिवे जातात आणि पुन्हा दाबली की सगळे लागतात, असे आपण समजतो. प्रत्यक्षात मेंदूचे भाग वेगवेगळे झोपू आणि जागू शकतात. कारखान्यात एका शेडचा वीजपुरवठा सुरू व्हावा आणि शेजारच्या नियंत्रण कक्षात अंधार राहावा, तशी ही अवस्था असते. यंत्रे फिरतात, पण त्यांच्यावर लक्ष ठेवणारा कोणी नसतो.

याचे चित्र २००० साली मिळाले. स्वित्झर्लंडमधील क्लाउडिओ बासेट्टी आणि सहकाऱ्यांनी झोपेत चालणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलाला प्रयोगशाळेत झोपवले. तो झोपेतून उठला, त्यानंतर २४ सेकंदांनी त्याच्या शिरेत आधीच लावलेल्या नळीतून किरणोत्सारी द्रव्य सोडण्यात आले. हे द्रव्य त्या क्षणी मेंदूच्या ज्या भागात रक्त जास्त जात असेल तिथे अडकते आणि नंतर काढलेल्या चित्रात दिसते. त्या चित्रात हालचालींशी संबंधित लहान मेंदूचा भाग आणि भावनांशी जोडलेल्या पट्ट्याचा मागचा भाग गाढ झोपेतल्यापेक्षा अधिक सक्रिय होता. पण कपाळामागचा आणि त्याच्या वरच्या बाजूचा भाग, ज्याच्या बळावर आपण परिस्थिती ओळखतो, निर्णय घेतो आणि स्वतःला आवर घालतो, तो जागेपणीच्या तुलनेत निपचित होता. मेंदूच्या आलेखात गाढ झोपेच्या उंच, मंद लहरीही तेव्हा चालूच होत्या.

या एका चित्रातून बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. डोळे उघडे असतात म्हणून तो माणूस सोबत्याला चुकवून दारापर्यंत जातो. कडी काढणे ही हाताला पाठ झालेली क्रिया आहे, म्हणून ती जमते. पण दारापलीकडे गॅलरी आहे, तिचा कठडा बुटका आहे, हे तोलणारा भाग झोपलेला असतो. आठवण साठवणारी व्यवस्थाही नीट चालू नसते, म्हणून सकाळी पाटी कोरी असते.

वेदनाही अनेकदा पोहोचत नाही. फ्रान्समधील माँपेलिए येथील रेजिस लोपेझ यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, झोपेत चालताना इजा झालेल्या ४७ जणांपैकी सुमारे चारपंचमांश जणांनी त्या क्षणी दुखले नाही असे सांगितले. त्यांतल्या एकाने तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून उडी घेतली होती. हाडे मोडली, पण त्या रात्री नंतर जाग येईपर्यंत त्याला वेदना जाणवली नाही. ‘लागले की जागा होईल’ हा भरवसा म्हणूनच धोकादायक आहे.

मग ‘लाइन बंद करा’ हे शब्द कुठून आले?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सरळ ‘नाही’ असे देता येत नाही. पॅरिसमधील संशोधकांनी २००९ मध्ये झोपेत चालणाऱ्या व रात्रभय असणाऱ्या प्रौढांना विचारले, तेव्हा सुमारे ७० टक्के जणांनी निदान एकदा तरी त्या वेळचे काही दृश्य आठवते असे सांगितले. छत कोसळते आहे, खोलीत कोणी शिरले आहे, मूल पडते आहे, अशी ती दृश्ये होती.

पण हे तुकडे रेम स्वप्नापेक्षा वेगळे असतात. ते बहुतेकदा एकाच दृश्याचे, एकाच भीतीचे असतात, त्यांना पुढे-मागे कथा नसते. शिवाय ते कारण असण्यापेक्षा परिणाम असण्याची शक्यता मोठी आहे. भावनांचा भाग अचानक जागा झाला, हृदयाचे ठोके वाढले, आवाज कानावर पडला, आणि अर्धवट जाग्या मेंदूने हाताशी असलेल्या जुन्या आठवणीतून त्याला अर्थ लावला. आठवडाभर लाइनवर उभा असलेल्या तरुणाच्या तोंडी लाइनच यावी, यात नवल नाही. म्हणून नेमके विधान असे करता येईल : झोपेत चालणारा माणूस सलग स्वप्न पाहून त्यातली भूमिका वठवत नसतो. तो अर्धवट जागा झालेला असतो आणि त्या अवस्थेत काही प्रतिमा उमटू शकतात.

मुलांचे रात्रभय आणि दुःस्वप्न यांत फरक काय?

रात्रभयात मूल झोपल्यापासून एक ते तीन तासांच्या आत एकदम किंचाळून उठते. डोळे विस्फारलेले, घाम, धाप, छातीत धडधड. आईने जवळ घेतले तर तिलाच ढकलते. जितके समजवावे तितके ते अधिक हातपाय झाडते. काही मिनिटांनी जसे उठले तसे झोपून जाते. सकाळी ते ताजेतवाने असते आणि घरातली मोठी माणसे मात्र रात्रभर जागलेली असतात.

दुःस्वप्न याच्या उलट. ते रेम झोपेतले, म्हणून बहुधा पहाटेकडचे. मूल पूर्ण जागे होते, रडते, आईला बिलगते, ‘कुत्रा मागे लागला होता’ असे सांगते आणि पुन्हा झोपायला घाबरते. साधा नियम असा : मूल तुम्हाला ओळखत असेल आणि गोष्ट सांगत असेल तर ते दुःस्वप्न. ओळखत नसेल आणि सकाळी आठवत नसेल तर रात्रभय.

कॅनडातील क्युबेक प्रांतात सुमारे १,९०० मुलांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रात्रभयाचे प्रमाण दीड वर्षाच्या वयात सर्वाधिक होते, ३४ टक्के. झोपेत चालण्याचे प्रमाण दहाव्या वर्षी सर्वाधिक, १३ टक्के होते. आईवडिलांपैकी कोणीच झोपेत चालत नसेल तर मुलांतील प्रमाण २२ टक्के, एक जण चालत असेल तर ४७ टक्के आणि दोघेही चालत असतील तर ६१ टक्के भरले. म्हणजे प्रवृत्ती घराण्यातून येते. लहान मुलांत गाढ झोपेचे प्रमाण मोठ्यांपेक्षा बरेच जास्त आणि अधिक खोल असते, म्हणून हे प्रकार त्यांच्यात जास्त दिसतात. वय वाढते तशी गाढ झोप घटते आणि बहुतेक मुलांत हे प्रकार आपणहून थांबतात.

अशा मुलाची दृष्ट काढणारे घर आपल्याकडे कमी नाही. मीठ-मोहरी ओवाळल्यावर मूल शांत झोपते, कारण घटना तशीही काही मिनिटांतच संपणार असते. त्याने मुलाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते ‘बाधा उतरवण्या’च्या नावाखाली मारहाण, धुरी किंवा चटके दिले जातात तेव्हा. भूत उतरवण्याच्या नावाखाली असा छळ करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

पाळीतल्या कामाचा याच्याशी काय संबंध?

प्रवृत्ती उपजत असली तरी घटना घडायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात : झोप नेहमीपेक्षा खोल असणे आणि त्याच वेळी तिला धक्का बसणे.

जितका वेळ आपण जागे राहतो, तितकी गाढ झोपेची भूक साचत जाते आणि पुढच्या झोपेत मेंदू आधी तीच वसूल करतो. माँट्रिआलमधील संशोधकांनी झोपेत चालणाऱ्यांना २५ तास जागे ठेवले आणि नंतर ते गाढ झोपेत असताना आवाज केला, तेव्हा प्रयोगशाळेतच अशा घटना घडवता आल्या. नेहमीच्या रात्री तितक्याशा घडत नाहीत. आपल्या उदाहरणातल्या तरुणाकडे पाहा. शनिवारी सकाळी सातपासून रविवारी रात्री अकरापर्यंत चाळीस तास होतात. त्यात त्याला एकूण पाच तास झोप मिळाली, त्याआधी शुक्रवारची पूर्ण रात्र तो कामावर जागा होता. गाढ झोपेची भूक अशी टोकाला गेलेली असताना सव्वाबाराला दार वाजले. प्रयोगशाळेतली दोन्ही कामे पाळीच्या वेळापत्रकाने आणि सामायिक खोलीने केली.

इथे आणखी एक बाब लक्षात ठेवावी. रात्रपाळी करून सकाळी नऊला झोपणाऱ्याच्या बाबतीत घड्याळातली रात्र धरून चालत नाही. त्याची घटना दहा-साडेदहाला घडेल, कारण मोजायचे असते ते झोप लागल्यापासून. मात्र रेम झोपेवर शरीराच्या घड्याळाचा अंमल असतो आणि सकाळी तिचा जोर असतो. त्यामुळे दिवसाच्या झोपेत रेम लवकर येऊ शकते आणि ‘पहिला तिसरा हिस्सा’ ही खूण रात्रीइतकी पक्की राहत नाही.

भरलेले मूत्राशय, ताप, मोठा आवाज, मानसिक ताण हेही धक्का देऊ शकतात. प्रौढांत एक कारण हमखास निसटते : घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे. श्वास अडकला की मेंदू दर वेळी स्वतःला थोडे जागवतो, म्हणजे रात्रभर आतूनच दार वाजत राहते. श्वासाचा उपचार झाल्यावर झोपेत चालणेही थांबल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. काही झोपेच्या गोळ्याही असे प्रकार घडवतात. झोल्पिडेम आणि तिच्या गटातील गोळ्यांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये याबद्दल सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. पाळी बदलताना झोप यावी म्हणून सोबत्याकडून मागून घेतलेली गोळी म्हणूनच महागात पडू शकते.

केव्हा समजावे की हे वेगळेच काही आहे?

दोन आजार या घटनांसारखे दिसतात आणि दोन्ही ओळखणे गरजेचे आहे.

पहिला आजार खरोखरच स्वप्न वठवण्याचा आहे. रेम झोपेत स्नायूंना लागणारे कुलूप निकामी झाले तर माणूस स्वप्नातल्याप्रमाणे ठोसे मारतो, लाथा झाडतो. अमेरिकेत मिनिआपोलिस येथे कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये त्याचे वर्णन केले. हा प्रकार बहुधा पन्नाशीनंतर, पुरुषांत अधिक दिसतो. तो पहाटेकडे घडतो, डोळे सहसा मिटलेले असतात, माणूस पलंग सोडून फारसा चालत नाही, हाक मारली की लगेच जागा होतो आणि स्वप्न सांगतो. हा आजार पुढे पार्किन्सनसारख्या विकाराची आगाऊ सूचना ठरू शकतो. त्यामुळे वयस्क माणसाने झोपेत हातपाय झाडायला नव्याने सुरुवात केली तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायलाच हवे.

दुसरा आजार झोपेतल्या अपस्माराचा, म्हणजे फिट्सचा. त्यात झटके बहुधा दोन मिनिटांहून कमी वेळाचे असतात, एका रात्रीत अनेकदा येतात, आणि दर वेळी हालचाल हुबेहूब तीच असते. झोपेत चालण्यात एका रात्री बहुतेक एकच घटना होते आणि प्रत्येक घटना थोडी वेगळी असते.

हा फरक सांगून कळत नाही, दिसून कळतो. म्हणून खोलीतल्या सोबत्याने किंवा घरच्यांनी आधी माणूस सुरक्षित आहे ना हे पाहून मोबाइलवर चित्रण करावे आणि झोपला किती वाजता व उठला किती वाजता हे लिहून ठेवावे. अशा दोन-तीन चित्रफिती डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतात. प्रयोगशाळेतली रात्रभराची झोपेची तपासणी सगळ्यांना लागत नाही. श्वास अडकण्याची शंका असेल, फिट्सची शंका असेल, इजा होत असेल किंवा प्रौढ वयात प्रकार नव्याने सुरू झाला असेल तर ती करावी लागते. मात्र त्या एका रात्री घटना घडेलच असे नसते. त्यामुळे तपासणी निर्दोष आली तरी प्रश्न मिटला असे समजू नये.

समोर घडत असेल तर काय करावे?

झोपेत चालणाऱ्याला जागे केले तर त्याला वेड लागते किंवा हृदय बंद पडते, या समजुतीला आधार नाही. पण गदागदा हलवून जागे करण्यात शहाणपणही नाही, कारण अर्धवट जागा मेंदू पकडण्याला हल्ला समजतो. आपल्या उदाहरणात सोबत्याला झटका बसला तो याचमुळे. वाट अडवावी, पण अंगाला पकडू नये. हळू आवाजात नाव घेऊन ‘चल, इकडे झोप’ म्हणत कॉटकडे वळवावे. फक्त कठडा, जिना किंवा रस्ता समोर असेल तर पकडण्यावाचून इलाज नसतो. किंचाळणाऱ्या मुलाजवळ बसावे, त्याला लागणार नाही एवढे पाहावे आणि वादळ ओसरू द्यावे. सकाळी त्याबद्दल चिडवू किंवा घाबरवू नये.

खोलीची व्यवस्था हा उपचारातला सर्वांत स्वस्त आणि महत्त्वाचा भाग आहे. असा माणूस दुमजली कॉटच्या वरच्या खाटेवर झोपू नये. उन्हाळ्यात कठडा नसलेल्या गच्चीवर तर मुळीच नाही. गॅलरीच्या दाराला हाताला सवय नसलेल्या जागी, वर, जास्तीची कडी लावावी. दाराला छोटी घंटा बांधली तरी सोबत्यांना जाग येते. दुचाकीची किल्ली हाताशी ठेवू नये. दुसऱ्या पाळीवरून येणाऱ्याने झोपलेल्याच्या तोंडावर दिवा लावू नये, एवढी शिस्तही घटना टाळू शकते.

उपचार काय आहेत आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या?

मुलांत ठरलेल्या वेळी घटना होत असेल तर एक साधी रीत वापरतात. आठवडाभर वेळा लिहून ठेवायच्या. समजा मूल रोज साडेनऊला झोपते आणि साधारण अकराला किंचाळते. मग रोज पावणेअकराला त्याला हलकेच हाक मारून थोडे जागे करायचे, ते कूस बदलले की पुन्हा झोपू द्यायचे. असे दोन ते चार आठवडे केल्यावर अनेक मुलांत आवर्तनाची ती घडी मोडते. वेळ ठरलेली नसेल तर ही रीत उपयोगाची नाही.

प्रौढांत पहिला उपचार झोपेची थकबाकी कमी करण्याचा. रात्रपाळी संपल्यावर प्रवासाला निघण्याआधी चार-पाच तास झोपणे, पाळी बदलाच्या सुटीत सलग दोन रात्री पुरेशी झोप घेणे, झोपायच्या खोलीत काळा पडदा आणि कानात बोळे वापरणे. घोरणे असेल तर त्याची तपासणी. इजा होत असेल आणि एवढ्याने भागत नसेल तर डॉक्टर क्लोनाझेपामसारखी औषधे अल्प मात्रेत देतात. पण या औषधांचा मोठ्या, काटेकोर चाचण्यांतून मिळालेला पुरावा तोकडा आहे. ती गुंगी आणतात, श्वास अडकण्याचा त्रास वाढवू शकतात, आणि दुसऱ्या दिवशी प्रेसवर किंवा फोर्कलिफ्टवर उभे राहणाऱ्यासाठी ती गुंगी हाच नवा धोका ठरतो. त्यामुळे डॉक्टरकडे गेल्यावर आपण पाळीत काम करतो आणि कोणत्या यंत्रावर करतो, हे न विचारताही सांगावे.

निघोज्याच्या खोलीतल्या त्या तरुणाला बहुधा गोळीची गरज पडणार नाही. गॅलरीच्या दाराला वरची कडी, भिंतीकडची खालची कॉट आणि पाळी बदलाच्या शनिवारी एसटीत बसण्याआधी चार तास झोप, एवढ्यावर त्याचे भागू शकेल.